दुहेरी शोषखड्ड्यांचे शौचालय

दुहेरी शोषखड्ड्यांचे शौचालय : भुयारी गटार नसलेल्या घरांसाठीचे, हाताने पाणी ओतून वापरायचे शौचालय. भांडे, त्याखालचा कोंबडा, एक लहान चेंबर आणि आळीपाळीने वापरायचे दोन खड्डे एवढेच त्याचे भाग. खड्ड्यांच्या बाजू पाझरत्या ठेवतात. पाणी आणि वायू जमिनीत मुरतात व मळ खड्ड्यात उरतो. त्यामुळे सेप्टिक टाकीला लागते तशी वायुनळी किंवा बाहेर सोडलेली मोरी इथे लागत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्याच्या धानपट्ट्याला धरून लिहिली आहे. तिथे पावसाळाभर बांध्यांत पाणी उभे असते आणि जमिनीखालचे पाणीही वर येते, त्यामुळे या रचनेच्या बऱ्यावाईट बाजू लवकर उघड होतात. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ-बिबट्यांचा वावर मोठा आहे. शौचालय ऑगस्टमध्ये तुंबले, तर घरच्यांना पहाटे पुन्हा झुडपाकडे जावे लागते.

पूर्वेतिहास : महाराष्ट्रात कोकणच्या गोपुरी आश्रमातील अप्पासाहेब पटवर्धन आणि देहूचे डॉ. मापुसकर यांनी मळाचे घरच्या घरी खत करणारी शौचालये रुजवली. शोषखड्ड्यांसाठीचे भारतीय मानक (आयएस १२३१४) १९८७ चे आहे. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन मिळू लागले आणि बांधकामांची संख्या वाढली.

खड्ड्याचे माप व माती : पाच माणसांच्या घरासाठी आतून १ मीटर व्यासाचा आणि पाइपच्या तोंडाखाली १ मीटर खोल खड्डा हे सर्वसाधारण माप आहे. खोली जमिनीपासून न मोजता पाइपच्या तोंडापासून मोजायची असते, आणि हीच गोष्ट कामावर वारंवार विसरली जाते. अशा खड्ड्यात सुमारे ०.७८ घनमीटर जागा मिळते. कोरड्या जमिनीत माणशी वर्षाला सुमारे ०.०४५ घनमीटर मळ साठतो असे धरले, तर खड्डा साडेतीन वर्षे पुरतो.

जागा पुरली म्हणून पाणी मुरेलच असे नाही. माणशी रोज साडेनऊ लिटर पाणी धरले तर पाच जणांचे सुमारे ४७ लिटर होते. वरील खड्ड्याची बाजूची भिंत ३.१४ चौरस मीटर भरते. मोरांडीसारख्या मध्यम मातीत चौरस मीटरला रोज २० लिटर मुरत असेल तर ६२ लिटरची सोय होते आणि खड्डा आरामात चालतो. चिकट कन्हारीत हेच प्रमाण १० लिटरवर येते. मग ३१ लिटरच मुरतात आणि रोजचे १६ लिटर वर चढत राहतात. अशा जागी खोली न वाढवता व्यास दीड मीटर घ्यावा, म्हणजे भिंत ४.७ चौरस मीटर होऊन हिशेब जुळतो. खोल खणल्याने भूजल लवकर लागते. न्हाणीघराचे पाणी या खड्ड्यात कधीच सोडू नये, कारण वरच्या हिशेबात त्याला जागाच नाही.

विटांची जुडाई जाळीदार, म्हणजे मधे फटी ठेवून करतात. पाइपच्या तोंडावरचा भाग भरीव बांधतात. तळाला काँक्रीट करत नाहीत. आतून गिलावा केला की शोषखड्ड्याची नुसती टाकी होते, आणि ती काही महिन्यांत भरते.

अंतर : दोन खड्ड्यांमधील मोकळी जमीन निदान खड्ड्याच्या पाइपखालच्या खोलीएवढी, म्हणजे वरील उदाहरणात १ मीटर असावी. चालू खड्ड्यातले पाणी आडवेही सरकते. खड्डे चिकटून असतील तर ते विश्रांतीतल्या खड्ड्यात शिरते, तिथला मळ पुन्हा ओला करते आणि सोबत ताजे जंतूही नेते. मग दोन वर्षे बंद ठेवूनही खड्डा पक्व होत नाही. परसात जागाच नसेल तर एका खड्ड्याचे दोन भाग करून मधे न पाझरणारी भिंत घालतात. ती तळाच्या खालीपर्यंत न्यावी लागते.

विहीर किंवा हातपंप किमान १० मीटर दूर हवा. पावसाळ्यात भूजल खड्ड्याच्या तळाजवळ येत असेल तर एवढ्याने भागत नाही. तिथे तळ बंद करून खड्ड्याभोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर भरतात. खड्ड्याचा कडा भोवतालच्या जमिनीपेक्षा वर उचलून बाहेरून मातीचा भराव दाबतात. त्यासाठी शौचालयाचे जोतेही उंच घ्यावे लागते, नाहीतर पाइपला उतार मिळत नाही.

चेंबर : भांड्याकडून येणारा एक पाइप आणि खड्ड्यांकडे जाणारे दोन, यांना जोडणारी ही सुमारे २५ सेंमी. चौरसाची डबी असते. रचनेचे सारे नियंत्रण तिच्यात असूनही नकाशात तिला सर्वांत कमी जागा मिळते. तळाशी ‘वाय’ आकाराची गुळगुळीत पन्हळ घडवतात आणि बंद ठेवायच्या बाजूला विटेचा तुकडा बसवून ओल्या मातीने किंवा कच्च्या गाऱ्याने लिंपतात. पक्के सिमेंट वापरले तर तीन वर्षांनी छिन्नी लावावी लागते आणि पन्हळ फुटते. खड्ड्यांकडचे पाइप १ ला १५ किंवा त्याहून जास्त उतारात ठेवतात आणि खड्ड्यात सुमारे १० सेंमी. पुढे काढतात, म्हणजे मळ भिंतीवरून ओघळत नाही. झाकण सहज उचलता येईल असे, फरशीच्या वर हवे. चेंबरऐवजी नुसता ‘टी’ जोड बसवून तो गाडला की दोन्ही खड्डे एकदम भरत जातात. खड्डे दोन असले तरी ते एकेरीच शौचालय होते.

आळीपाळी : पहिला खड्डा भरला की चेंबरमधला अडसर काढून पहिल्या खड्ड्याच्या बाजूला लावतात आणि दुसरा खड्डा सुरू करतात. खरी अडचण असते ती ‘भरला’ हे ओळखण्याची. पाणी हळू उतरू लागले की आधी चेंबरचे झाकण उघडावे. चेंबर कोरडे असेल तर भांडे किंवा कोंबडा तुंबलेला आहे. चेंबरमध्ये पाणी उभे असून खड्डा बराच रिकामा असेल तर पाइपमध्ये अडथळा आहे. खड्ड्यात मळ पाइपच्या तोंडापर्यंत आला असेल तरच खड्डा भरलेला असतो. धानपट्ट्यात आणखी एक शक्यता धरावी लागते. ऑगस्टमध्ये पाणी तोंडापर्यंत चढते आणि डिसेंबरमध्ये आपोआप खाली जाते. हे भूजल आहे. अशा वेळी घाईने अदलाबदल केली तर दुसऱ्या खड्ड्यातही तेवढेच पाणी सापडते आणि त्याची विश्रांती अर्धवट मोडते. म्हणून या भागात निर्णय उन्हाळ्यात, पातळी उतरल्यावर घ्यावा.

मळ काढणे : बंद खड्डा किमान दीड वर्ष, शक्यतो दोन वर्षे, मिटलेला ठेवतात. जंतांची अंडी सर्वांत चिवट असतात, त्यांच्यासाठी ही मुदत आहे. तयार सोनखत गडद, भुसभुशीत आणि जवळजवळ वासरहित असते. फावड्याला चिकटले किंवा दुर्गंधी आली तर झाकण परत लावावे. पाण्याखाली राहिलेला मळ सावकाश कुजतो, म्हणून ओल्या जमिनीत मुदत वाढवणे बरे. खत शेतात टाकावे की नाही याबाबत घरोघरी मते वेगळी असतात.

खर्च : विटा, वाळू आणि झाकणांच्या स्थानिक दरांनुसार बदलतो.

पूरस्थिती : ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची गावे वेढली गेली. अशा पुरात उंच कडाही बुडतो, आणि त्यावर या रचनेत उपाय नाही. पूर ओसरल्यावर चालू खड्ड्यातली पातळी उतरेपर्यंत वापर थांबवावा लागतो, चेंबरमधला गाळ काढून पन्हळ धुवावी लागते आणि अडसर निघाला आहे का ते पाहून तो नव्या मातीने लिंपावा लागतो. विश्रांतीतल्या खड्ड्यात पुराचे पाणी शिरले असेल तर त्याची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून धरावी.