टी-स्कोअर (हाडांच्या घनतेच्या अहवालातील)

पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांची घनता तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासून किती दूर आहे, हे सांगणारा अंक. डेक्सा तपासणीत कमरेचे मणके आणि खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार −१ पर्यंत घनता सामान्य, −१ ते −२.५ या दरम्यान ऑस्टिओपेनिया, आणि −२.५ किंवा त्याहून खाली ऑस्टिओपोरोसिस.

गणित : समजा, सोलापुरातील ६२ वर्षांच्या एका विडी कामगार बाईंच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता चौरस सेंटिमीटरला ०.५९४ ग्रॅम आली. बऱ्याच यंत्रांत तुलनेसाठी अमेरिकेतील २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रियांची सरासरी, ०.८५८, वापरतात; प्रमाण विचलन ०.१२०. फरकाला विचलनाने भागले की −२.२ येते. म्हणजे हाडे २.२ टक्क्यांनी झिजली असे नव्हे. घनता त्या सरासरीहून जवळपास ३१ टक्क्यांनी कमी आहे. लहान चणीच्या भारतीय स्त्रीला हे माप कितपत लागू पडते, याविषयी मतभेद आहेत.

मणक्यांचा अंक : याच बाईंच्या मणक्यांचा टी-स्कोअर −०.९ असेल, तर त्यावर निर्धास्त होऊ नये. साठीनंतर मणक्यांना फुटलेली जादा हाडेही घनतेत मोजली जातात आणि अंक फुगतो. एखाद्या मणक्याचा अंक शेजारच्या मणक्यापेक्षा १ हून अधिक वेगळा असेल, तर तो मणका वगळून पुन्हा हिशेब करतात. निदान सर्वांत कमी अंकावरून होते.

मोडण्याचा धोका : टी-स्कोअर म्हणजे धोका नव्हे. पन्नाशीतील आणि पंच्याहत्तरीतील दोघींचा अंक −२.२ असला, तरी खुबा मोडण्याचा धोका दुसरीला कितीतरी अधिक. तो काढण्यासाठी शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेले फ्रॅक्स हे गणनयंत्र २००८ पासून उपलब्ध आहे. वय, वजन, उंची, आधीचे अस्थिभंग, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइड गोळ्या अशा माहितीवरून ते पुढील दहा वर्षांतील शक्यता टक्क्यांत देते. भारतासाठी त्याचे वेगळे प्रारूप आहे. आपल्या उदाहरणातील बाई दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले, हे तपासणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. अशा एका जुन्या अस्थिभंगाने पुढचा धोका साधारण दुप्पट होतो आणि ऑस्टिओपेनिया लिहिलेल्या बाईंनाही औषधाची गरज पडू शकते. उभ्या उंचीवरून पडून खुबा किंवा मणका मोडला असेल, तर अंक काहीही असो, ते ऑस्टिओपोरोसिसच समजतात.

फ्रॅक्स धूम्रपान विचारते, मिश्री विचारत नाही. वारंवार तोल जाण्याचीही त्यात नोंद नाही. चाळीस-पंचेचाळिशीआधी पाळी गेली किंवा अंडाशय काढले, तर त्यासाठी रकाना आहे. मात्र घनतेचा अंक भरल्यावर त्या उत्तराने टक्केवारी बदलत नाही.

शिबिरातील टाचेची तपासणी : वरील सीमा तिला लागू नाहीत.

फेरतपासणी : शक्यतो त्याच यंत्रावर.