पोर्ट्रेट मोड आणि केसांची कड

फोनचा सेन्सर लहान असल्याने त्याच्या भिंगातून पार्श्वभूमी फारशी धूसर होत नाही. पोर्ट्रेट मोड त्यासाठी अंतराचा अंदाजी नकाशा तयार करतो आणि माणसामागचा भाग गणिताने पुसट करतो. हा नकाशा मूळ फोटोपेक्षा बराच जाडाभरडा असतो. सुटा केस त्यात मावत नाही. नळदुर्ग किल्ल्यात पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांसमोर फोटो काढताना ही मर्यादा उघडी पडते. मागे बोरी नदीचे पांढरे पाणी आणि पुढे वाऱ्यावर उडणारे काळे केस असल्याने चूक लपत नाही: काही बटा पाण्यात विरघळतात, तर बटांमधल्या फटींतले पाणी तसेच स्पष्ट राहून डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कड दिसते. फोटो मोठा करून कानाजवळ पाहावे.

आयफोन 13 बरोबर 2021 मध्ये आलेल्या सिनेमॅटिक मोडमध्ये नकाशा दर चौकटीला बदलतो, त्यामुळे कड थरथरते आणि अधिक खुपते. संपादनात f/2.8 चे f/8 केल्यास धूसरपणा घटतो व चूक सौम्य होते. केस मोकळे असतील तर किल्ल्याची काळी भिंत मागे घ्यावी, किंवा मोड बंद करून टेलिफोटो लेन्सने जवळून फोटो काढावा.