मोबाइलमधील नेटवर्क पसंती (५जी आणि ४जी)

नेटवर्क पसंती म्हणजे मोबाइल फोनने ५जी जाळ्याला प्राधान्य द्यावे की ४जीवरच थांबावे, हे ठरवणारी सेटिंग होय. अँड्रॉइड फोनमध्ये ती बहुधा Preferred network type या नावाने, तर आयफोनमध्ये Voice & Data या नावाने आढळते. भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. या दोहोंपैकी योग्य पर्याय कोणता, हे फोनच्या किमतीपेक्षा फोन कोठे ठेवला जातो यावर अधिक अवलंबून असते.

वेग

४जीमधील एका वाहक पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ असते. असे अनेक पट्टे जोडता येतात, तरी प्रत्येक तुकडा अरुंदच राहतो. भारतात ५जीसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात मात्र १०० मेगाहर्ट्झ रुंदीचा एकसंध वाहक वापरता येतो. वेगातील मोठी वाढ प्रामुख्याने या रुंदीमुळे होते. मोठी फाइल उतरवताना ती स्पष्ट जाणवते. संदेश पाठवताना किंवा बातम्या वाचताना जवळजवळ जाणवत नाही.

घरातील सिग्नल

रुंद पट्टा मिळतो तो उच्च वारंवारतेवर, आणि अडचण येथूनच सुरू होते. वारंवारता वाढली की काँक्रीटच्या भिंतीतून लहरी अधिक क्षीण होऊन आत येतात. मनोऱ्यावरील अनेक अँटेनांच्या साहाय्याने लहरी फोनच्या दिशेने एकवटून ही तूट काही प्रमाणात भरून काढली जाते. फोनकडे तसे साधन नसते. त्याची प्रक्षेपणशक्ती साधारण २०० मिलिवॅट एवढीच असते. म्हणून घरात अनेकदा मनोऱ्याचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचा आवाज मनोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर ५जी दिसते, चित्रफीत चालते, पण छायाचित्र पाठवताना अडकते. पाठवण्यातील ही अडचण हीच या दोषाची खूण होय.

सर्वच ५जी सारखे नसते. जिओने ३३०० मेगाहर्ट्झबरोबर ७०० मेगाहर्ट्झ पट्टाही घेतला. तो भिंतीतून चांगला शिरतो, पण अरुंद असल्याने त्यावर वेग कमी मिळतो. शिवाय जिओने प्रारंभापासून ४जीवर न विसंबणारी स्वतंत्र (स्टँडअलोन) रचना स्वीकारली, तर एअरटेलने ४जीच्या आधारावर चालणारी नॉन-स्टँडअलोन रचना. दुसऱ्या रचनेत फोन केवळ ४जीवर असतानाही पडद्यावर 5G हे चिन्ह दिसू शकते; त्यामुळे चिन्ह हा पुरावा मानता येत नाही.

बॅटरी

५जी आपोआप बॅटरी खाते, हे विधान अर्धेच खरे आहे. चांगल्या सिग्नलमध्ये काम लवकर संपते आणि फोनचा रेडिओ लवकर विसावतो. सिग्नल क्षीण असल्यास मात्र फोन पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करतो आणि ५जी व ४जी यांच्यात वारंवार ये-जा करतो. नॉन-स्टँडअलोन रचनेत तर दोन्ही रेडिओ एकाच वेळी चालू ठेवावे लागतात. खिशात नुसता पडलेला फोन गरम लागणे, हे याचे लक्षण असू शकते.

पडताळणी

अनेक अँड्रॉइड फोनांवर पुढील क्रमांक दाबला असता चाचणीचा मेनू उघडतो आणि सिग्नलची शक्ती dBm या एककात दिसते.

```
*#*#4636#*#*
```

आकडा ऋण असतो. शून्याच्या जवळचा आकडा चांगला. दर १० एककांच्या घटीला शक्ती एक दशांश होते. उदाहरणादाखल, खिडकीपाशी ५जीचा आकडा −९२ आणि ४जीचा −९० आहे असे समजू. आतल्या खोलीत ते अनुक्रमे −११४ आणि −१०२ झाले. म्हणजे ५जीची शक्ती सुमारे १६० पटींनी, तर ४जीची सुमारे १६ पटींनी घटली. अशा खोलीत दिवस काढणाऱ्याने ४जी निवडणे श्रेयस्कर. खिडकीपाशी काम करणाऱ्याने फोन ५जीवरच ठेवावा. निव्वळ सिग्नलच्या रेघा मोजून हा निर्णय करू नये, कारण आकडा आणि रेघा यांचे प्रमाण सर्व फोनांत सारखे नसते.

आयफोनमधील 5G Auto हा पर्याय ५जीमुळे जाणवण्याजोगा फरक पडत नसेल तेव्हा फोनला ४जीवर नेतो.

मर्यादा

काही रिचार्ज योजनांत ५जीवरील डेटा अमर्याद असतो, पण ४जीवरील वापर दैनिक मर्यादेत मोजला जातो. पसंती बदलण्यापूर्वी आपली योजना तपासणे आवश्यक आहे. चाचणीच्या मेनूतील NR only हा पर्याय नॉन-स्टँडअलोन जाळ्यात निवडल्यास फोन सेवेविना राहतो. LTE only निवडल्यास, ज्या फोनवर ४जीवरून कॉल करण्याची सोय चालू नाही त्यावर साधा कॉलही लागत नाही. यासाठी सेटिंगमधील 4G/3G/2G असा मिश्र पर्यायच निवडावा.