स्वीडनमधील ट्रॅक्टरची संरक्षक चौकट

ट्रॅक्टर उलटू नये म्हणून त्यावर पोलादी चौकट बसवितात, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. ट्रॅक्टर उलटणार हे गृहीत धरूनच ही चौकट योजिलेली असते. उलटणाऱ्या यंत्राखाली चालकापुरती जागा शिल्लक राहावी, एवढेच तिचे प्रयोजन होय. हा विचार कायद्यात प्रथम उतरला तो स्वीडनमध्ये. तेथे १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची झाली. जुन्या ट्रॅक्टरांचा प्रश्न पुढे बराच काळ रेंगाळला.

चालकाचे कौशल्य येथे का पुरत नाही, हे मागे उलटण्याच्या प्रकारावरून ध्यानी येते. ओढावयाचे ओझे मागील आसाच्या वर बांधले आणि चाके रुतली, तर आस फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू लागते व पुढील चाके उचलली जातात. सुमारे पाऊण सेकंदात परतीची मर्यादा ओलांडली जाते, आणि दीड सेकंदाच्या आसपास चालक यंत्राखाली सापडतो. धोका उमगून क्लच दाबीपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

मग चौकट किती बळकट असावी? स्वीडिश परीक्षकांनी यासाठी लंबकाची चाचणी वापरली. साखळ्यांना टांगलेला दोन टनांचा ठोकळा मागे ओढून चौकटीवर सोडावयाचा. तो किती उंचीवरून सोडावयाचा, हे ट्रॅक्टरच्या वजनावरून ठरे. या चाचणीचे मर्म तिच्या निकषात आहे. चौकट वाकली की नाही, हे पाहावयाचे नसते. चालकासाठी आखलेल्या जागेत तिचा कोणताही भाग शिरला काय, एवढेच पाहावयाचे असते.

वाकणे हा येथे दोष नाही. ठोकळा अर्धा मीटर खाली आला असे समजू. चौकट दहा सेंटिमीटर वाकून त्याला थांबवील, तर तिच्यावर सरासरी दहा टनांचा भार येईल. एकाच सेंटिमीटरात थांबवील, तर शंभर टनांचा. अतिताठर चौकट म्हणूनच सांध्याशी किंवा बोल्टापाशी तुटते. याच कारणाने एकदा वाकलेली चौकट ठोकून सरळ करून पुन्हा वापरीत नाहीत; तिची आघात पचविण्याची शक्ती खर्च झालेली असते. गावच्या लोहाराने जोडून दिलेली चौकटही दिसावयास तशीच असेल, पण ती कोठे तुटेल हे कोणी तपासलेले नसते.

राखलेल्या जागेत चालक राहिला तरच तिचा उपयोग. नुसत्या दोन खांबांच्या चौकटीला पट्ट्याची जोड लागते, ती यासाठी. नाहीतर फेकला गेलेला चालक त्याच चौकटीखाली चिरडला जाण्याचा संभव असतो. दुमडती चौकट खाली केली असता मात्र पट्टा बांधू नये. बाग वा गोठ्यासारख्या ठेंगण्या जागी ती दुमडतात, आणि पुन्हा उभी करावयाची विसरतात.

स्वीडनमध्ये १९५७ च्या सुमारास दर लाख ट्रॅक्टरांमागे उलटून होणारे मृत्यू वर्षाला बाराच्या घरात होते. १९९० पर्यंत चौकटी बहुतेक सर्व ट्रॅक्टरांवर आल्या, आणि हे प्रमाण एकाच्याही खाली गेले. ट्रॅक्टर उलटणे मात्र थांबले नव्हते.