ऑडिओग्राम कसा वाचायचा?

ऑडिओग्राम उलटा असतो, हे आधी लक्षात घ्या. वर शून्य डेसिबल, खाली 110-120. खूण जितकी खाली, तितका आवाज वाढवल्यावर ऐकू आला. शून्य म्हणजे शांतता नाही. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारी ती पातळी. डावीकडे 250 हर्ट्झचे जाड सूर, उजवीकडे 8000 चे बारीक. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या.

समजा, गोल 2000 हर्ट्झपर्यंत 10-15 डेसिबलवर आहेत, 4000 ला एकदम 45 वर आणि 8000 ला परत 20. साधारण 25 पर्यंत नॉर्मल धरतात, म्हणून शांत खोलीतलं बोलणं या माणसाला नीट कळतं. पण 4000 पाशी पडलेला असा खड्डा बहुतेकदा मोठ्या आवाजामुळे पडतो: डीजे, कारखाना, फुल व्हॉल्यूमवरचे इअरफोन. वयाने ऐकू कमी आलं तर रेष 8000 कडे घसरतच जाते, परत वर येत नाही.

दोष नेमका कुठे, हे मात्र नुसत्या गोलांवरून कळत नाही. त्यासाठी कानामागच्या हाडावर कंपन देऊन घेतलेल्या टेस्टच्या, कंसासारख्या खुणा बघा. 4000 ला त्याही 45 जवळ असतील तर दोष आतल्या कानात, आणि तिथल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उलट कंस 10 वर आणि गोल 40 वर असतील, तर आवाज वाटेतच अडतोय: मळ, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी. यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं.

दोन रिपोर्टमधला 5 डेसिबलचा फरक मनावर घेऊ नका. टेस्टची पायरीच तेवढी असते.