सुरक्षा-योजना (आत्महत्याप्रतिबंधक)

ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले आहेत अशा रुग्णाने व त्याच्या चिकित्सकाने शेजारी बसून, साधारणतः २० ते ४५ मिनिटांत, रुग्णाच्याच शब्दांत भरावयाचा लेखी नमुना. बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला आणि २०१२ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झालेला सहा टप्प्यांचा नमुना विशेष प्रचारात आहे. ‘मी जीव देणार नाही’ असा करारनामा रुग्णाकडून लिहून घेण्याची जी जुनी वहिवाट होती, तिच्याहून ही योजना सर्वस्वी भिन्न होय; त्या हमीपत्राने लिहून घेणाराच काय तो निश्चिंत होई. आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा काही काळाने ओसरते, आणि तेवढा काळ निभावून कसा न्यावा याची तजवीज येथे आधीच करून ठेवलेली असते.

उदाहरणादाखल कर्जाने गांजलेला एक शेतकरी कल्पावा. पहिल्या रकान्यात, म्हणजे धोक्याच्या पूर्वचिन्हांत, ‘मन उदास होते’ एवढेच लिहिले तर त्याचा उपयोग नाही. ‘त्या दिवशी आधी काय घडले?’ असे विचारीत गेल्यावर ‘सावकाराचा माणूस येऊन गेला की मी जेवत नाही, ओसरीवर एकटाच बसतो’ हा खरा तपशील हाती लागतो. दुसऱ्यात एकट्याने करावयाचे उपाय येतात : बैलांना वैरण घालणे, रेडिओ लावणे. तिसऱ्यात मन रमविणारी माणसे व स्थळे, जसे भजनी मंडळ, जेथे मनातले काही सांगण्याची गरज नसते. चौथ्यात मात्र ज्यांना ते उघड सांगावयाचे तीच माणसे. या दोन रकान्यांची गल्लत वारंवार होते. प्रत्येक नोंदीनंतर ‘हे तुमच्याने होईल का, आड काय येईल?’ असे विचारणे अगत्याचे असते. ‘बहिणीला रात्री फोन केला तर तिच्या सासरचे काय म्हणतील?’ असे उत्तर आले, तर तेथे मित्राचे नाव घालावे. पाचव्यात डॉक्टर, रुग्णालय आणि भारतात टेली-मानसचा अहोरात्र चालणारा १४४१६ हा क्रमांक.

सहावा टप्पा घातक साधने दूर करण्याचा. चिकित्सकांना त्याविषयी विचारण्याचा संकोच वाटतो, आणि म्हणूनच तो अर्धवट राहतो. ‘कीटकनाशक दूर ठेवीन’ हे वाक्य पुरेसे नव्हे. ते आज संध्याकाळी थोरला भाऊ घेऊन जाईल व आपल्या घरी कुलपात ठेवील, असे ठरवून रुग्णाच्या संमतीने भावाला त्याच बैठकीत कळवावे लागते.

टप्पे क्रमाने वापरावयाचे असले, तरी धोका निकट वाटल्यास मधले सोडून थेट पाचवा गाठावा. निर्धार पक्का दिसल्यास योजनेवर विसंबून रुग्णास घरी पाठवू नये. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील आकस्मिक विभागांत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, योजना व पाठोपाठचे दूरध्वनी लाभलेल्या रुग्णांत सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु रुग्णांची यादृच्छिक वाटणी झालेली नव्हती, आणि दूरध्वनीचा वाटा वेगळा काढता येत नाही. मूळ पत्रक रुग्णाजवळ राहते, प्रत दप्तरी ठेवतात, आणि पुढील भेटीत कोणता टप्पा वापरला व कोणता निरुपयोगी ठरला हे विचारून ते दुरुस्त करतात.