भास्कराचार्यांच्या नियमात लपलेल्या दोन रेषा

जालन्यात बारावीच्या मुलांना सारणी, म्हणजे मॅट्रिक्स शिकवताना मी एकदा फळ्यावर लिहून बसलो होतो, 'अचल रेषा म्हणजे जिच्यावरचे बिंदू हलत नाहीत.' साफ चूक. बिंदू हलतात, पण त्याच रेषेवर राहतात. पुढच्याच आठवड्यात भोकरदनकडच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग भास्कराचार्यांना आयगेनव्हेक्टर माहीत होते का? मोबाईलवर असं फिरतंय." आजचा भाग तिच्या प्रश्नासाठी.

भास्कराचार्य 1114 चे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या, चंगदेवाच्या मठाचा शिलालेख आहे. 1150 च्या सुमारास त्यांनी 'बीजगणित' लिहिलं. त्यात वर्गप्रकृती नावाचं प्रकरण आहे. प्रश्न साधा दिसतो: एका संख्येचा वर्ग घ्या, त्याला ठरलेल्या संख्येने गुणा, एक मिळवा, आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. गुणणारी ती ठरलेली संख्या म्हणजे प्रकृती. आपण प्रकृती 2 घेऊ. 2 चा वर्ग 4, दुप्पट 8, एक मिळवला की 9, म्हणजे 3 चा वर्ग. इथे 2 हे कनिष्ठ मूळ आणि 3 हे ज्येष्ठ.

एक उत्तर सापडलं की पुढची कशी काढायची, ते ब्रह्मगुप्ताने 628 मध्येच सांगून ठेवलं होतं. त्या रीतीला भावना म्हणतात. नवं कनिष्ठ काढताना दोन जोड्या तिरप्या गुणून बेरीज करायची, याला वज्राभ्यास म्हणतात. ज्येष्ठ काढताना ज्येष्ठांचा गुणाकार, अधिक कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतिपट. ज्येष्ठाला x आणि कनिष्ठाला y म्हणू. मग (3, 2) शी भावना केली की

(x, y) → (3x + 4y, 2x + 3y)

ही तर आपली दोन बाय दोनची सारणीच झाली! (1, 0) पासून सुरू केलं की (3, 2), मग (17, 12), मग (99, 70). आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडा. ते भराभर लांब जातात, पण सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. ती दिशा कोणती?

समजा y = mx ही रेषा स्वतःवरच जाते. तिच्यावरचा (1, m) हा बिंदू (3 + 4m, 2 + 3m) वर जातो. तो त्याच रेषेवर हवा, म्हणून 2 + 3m = m(3 + 4m). दोन्हीकडचे 3m गेले, उरलं 4m² = 2. म्हणून m = ±1/√2. म्हणजे दोन अचल रेषा: x = √2y आणि x = −√2y. पहिलीवरचा बिंदू दर वेळी 3 + 2√2 पट, साधारण 5.83 पट दूर जातो. दुसरीवरचा 3 − 2√2 पट, साधारण 0.17 पट, म्हणजे आत ओढला जातो. हे दोन गुणक म्हणजे आयगेनमूल्यं, आणि त्या रेषांवरचे सदिश म्हणजे आयगेनव्हेक्टर.

आता गंमत बघा. x² − 2y² चे अवयव x − √2y आणि x + √2y. एक 0.17 पट होतो, दुसरा 5.83 पट, आणि (3 − 2√2)(3 + 2√2) = 9 − 8 = 1. म्हणून तर 'एक' दर पायरीला एकच राहतो! भावना का चालते, याचं उत्तर त्या दोन रेषांत आहे. पहिला अवयव आकसत जातो, म्हणून बिंदू x = √2y ला चिकटत जातात. 17/12 म्हणजे 1.4167, 99/70 म्हणजे 1.41429, आणि √2 आहे 1.41421. पण √2 अपरिमेय, त्यामुळे पूर्णांकांचा एकही बिंदू (मूळ बिंदू सोडून) त्या रेषेवर कधीच बसत नाही.

प्रत्येक सारणीत अशा रेषा मिळतीलच असं नाही हं. m च्या वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण आला, तर वास्तव उत्तरच नाही. पाव फेरी फिरवणारी (x, y) → (−y, x) घ्या: m² = −1 येतं. आणि y = mx धरताना उभी रेषा निसटते. ती वेगळी तपासा, मुलं तिथेच मार्क घालवतात.

मग त्या मुलीला काय सांगितलं? नियम जुना आहे, रेषा नव्या आहेत. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागलं की वर्गमुळाच्या जवळ जातं, हे नारायण पंडितांनी 1356 च्या 'गणितकौमुदी'त सांगितलं आहे. पण प्रतलावर बिंदू मांडून त्यातली न हलणारी दिशा शोधणं तिथे नाही. सारण्यांचं बीजगणित केलीने 1858 मध्ये मांडलं आणि 'आयगेन' हा शब्द या अर्थाने हिल्बर्टने 1904 मध्ये रुळवला. ती म्हणाली, "म्हणजे सर, त्यांच्याकडे बिंदू होते, रेषा नव्हती." मी फळ्यावरचं माझं जुनं वाक्य पुसलं आणि तिला प्रकृती 3 दिली. तुम्हीही करून बघा: (2, 1) पासून सुरुवात करा, कारण 4 − 3 = 1.